एक दिवस, साठ चिठ्ठ्या, तीन धंदे

नवा धंदा सुचायचा तर चार हुशार डोकी एका खोलीत बसवावीत, ही समजूत जगभर पोहोचवली अॅलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकन जाहिरातदाराने. १९५३ साली आलेल्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकात त्याने ठामपणे मांडलं की माणसाला एकट्यापेक्षा गटात कितीतरी जास्त कल्पना सुचतात. पाचच वर्षांनी येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी ते तपासून पाहिलं. चौघांचा एक गट एकत्र बसवला. दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या याद्या नंतर एकत्र केल्या आणि सारख्या कल्पना एकदाच मोजल्या. वेगवेगळ्या बसलेल्यांची यादी बरीच मोठी निघाली. त्याचं कारण पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी शोधलं. गटात एक बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबलेल्या वेळात मनात आलेलं विरून जातं.

म्हणजे भागीदार नाही, टीम नाही, म्हणून धंद्याच्या कल्पना शोधायचं लांबणीवर टाकण्याचं कारण उरत नाही. एका माणसाने एका रविवारी हे काम नीट करता येतं. मात्र त्या दिवसाची आखणी हवी. नाहीतर होतं असं, की सकाळी साडेनऊला एक कल्पना सुचते, ती आवडते, आणि उरलेला दिवस तिला नाव शोधण्यात, तिचा लोगो मनात रंगवण्यात जातो. संध्याकाळी हाती एकच कल्पना असते, आणि ती चांगली की वाईट हे ठरवायला शेजारी दुसरी नसते.

कल्पना पुष्कळ का हव्यात, याचं उत्तर साध्या गणितात आहे. पन्नास कल्पना सरासरीने बऱ्या असल्या, तर त्याचा धंद्याला काही उपयोग नाही. उपयोग होतो तो त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन-तीन कल्पनांचा. बाकीच्या सत्तेचाळीस कितीही टाकाऊ असल्या तरी नुकसान शून्य. म्हणून सकाळचं काम यादी लांब आणि विविध करण्याचं, आणि दुपारचं काम ती निर्दयपणे छाटण्याचं. ही दोन कामं एकमेकांत मिसळायची नाहीत. एवढा एक नियम पाळला तर बाकीच्या वेळापत्रकात थोडं पुढेमागे झालेलं चालतं.

हे कोरडं राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊन दिवसभर चालू. समजा, पुण्यात कोथरूड-वारजे भागात एक बाई आहेत. बारा-पंधरा वर्षं त्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहितात. तीसेक सोसायट्यांच्या कमिट्या त्यांना ओळखतात. स्वतःचं काहीतरी मोठं उभं करावं असं त्यांना वाटतं, पण नेमकं काय ते ठरत नाही. मुद्दाम असं उदाहरण घेतलं, कारण एका दिवसात पीक निघायचं असेल तर जमीन आधीच नांगरलेली हवी. ज्या क्षेत्रातली माणसं, बिलं, भांडणं आपण जवळून पाहिलेली नाहीत, त्या क्षेत्रासाठी हा दिवस घालवू नये. त्या क्षेत्रात आधी महिनाभर वावरावं.

सकाळी नऊ ते सव्वादहा एकही कल्पना लिहायची नाही. लिहायच्या त्या फक्त अडचणी. समोर गेल्या वर्षभराचा खरा ऐवज ठेवायचा: फोनमधले कॉल, व्हॉट्सअॅपवरची बोलणी, ऑडिटरचे शेरे, जुनी पत्रं. आठवणीवर विसंबलं तर ठरावीक आठ-दहा तक्रारीच वर येतात. कागद समोर असले की विसरलेल्या गोष्टी सापडतात. आणि प्रत्येक अडचण माणसासकट, वेळेसकट लिहायची. ‘सोसायट्यांमध्ये नियोजन नसतं’ ही नोंद निरुपयोगी. ‘नवीन खजिनदाराला जुन्या खजिनदाराने व्हाउचर एका पिशवीत भरून दिली, त्यात दोन वर्षांच्या विम्याची पॉलिसी नव्हतीच’ ही नोंद कामाची.

आपल्या बाईंच्या कागदावर काय येईल? कमिटी बदलली की बँकेत सह्या बदलायला महिने लागतात, तोवर सिंकिंग फंडाची ठेव मुदत संपून तशीच पडते. लिफ्टचा देखभाल करार, अग्निशामक नळकांड्यांचं रिफिलिंग, इमारतीचा विमा, यांच्या तारखा कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. ३१ जुलैपर्यंत ऑडिट, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा, सभेची नोटीस चौदा दिवस आधी. त्यामुळे ऑगस्टमध्ये सगळ्या सोसायट्या एकदम घायकुतीला येतात. ऑडिटमध्ये दोष निघाले तर ‘ओ’ नमुन्यातला दोषदुरुस्ती अहवाल कुणी लिहायचा यावरून टोलवाटोलवी. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर किती आले आणि बिल कितीचं, याचा मेळ बसत नाही. थकबाकी मागायची कशी, समोरच्याच दारातला माणूस आहे. सभासद वारला की मुलं विचारत येतात, आता फ्लॅट आमच्या नावावर कसा करायचा. नॉमिनी आहे म्हणजे तो आपोआप मालक झाला असं घरच्यांना वाटत असतं, आणि ते तसं नसतं. बारा-पंधरा फ्लॅटच्या छोट्या सोसायटीत तर सचिव व्हायलाच कुणी तयार नसतं.

अशा तीस-चाळीस नोंदी झाल्या की सकाळचा पहिला टप्पा संपला.

साडेदहा ते एक कल्पनांचा वेळ. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार फेऱ्या, मध्ये दहा-दहा मिनिटं उठून फिरायचं. प्रत्येक फेरीत पंधरा कल्पना, म्हणजे साधारण दोन मिनिटांना एक. एका चिठ्ठीवर एकच कल्पना, एका वाक्यात. वहीत लिहू नये, कारण दुपारी चिठ्ठ्या हलवायच्या, जोडायच्या, फेकायच्या आहेत. फोन दुसऱ्या खोलीत. ‘हे आधी कुणी केलंय का’ हे शोधायचं नाही. ते एकदा शोधायला लागलं की अर्धा तास जातो आणि हात थांबतो.

चारही फेऱ्या एकाच दिशेने केल्या तर साठ चिठ्ठ्यांवर वीसच कल्पना निघतात, शब्द बदलून. म्हणून प्रत्येक फेरीला वेगळा प्रश्न द्यायचा. पहिल्या फेरीत सकाळच्या अडचणी एकेक उचलून सरळ विचारायचं: ही मी पैसे घेऊन सोडवली तर? दुसरीत अडचण विसरायची आणि पैसा कुठून कुठे वाहतोय ते पाहायचं: सोसायटी दर महिन्याला कुणाकुणाला चेक देते, त्यातला कुठला चेक कुरकुरत दिला जातो? तिसरीत दुसऱ्या धंद्याची रीत उसनी घ्यायची: शाळेच्या बसवाल्याकडून, लग्नाच्या केटररकडून, पॅथॉलॉजी लॅबकडून. लॅब जशी घरी येऊन नमुना नेते आणि संध्याकाळी रिपोर्ट पाठवते, तसं कुणी सोसायटीचे कागद नेऊन आठवड्यात ‘काय आहे, काय नाही’ याचा रिपोर्ट दिला तर? चौथ्या फेरीत आधीच्याच चिठ्ठ्यांचं एखादं माप बदलायचं: महिन्याऐवजी एकदाच, एका सोसायटीऐवजी आठ, कमिटीऐवजी एकटा सभासद गिऱ्हाईक.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी बहुतेकांचा हात अडतो. आटलं, आता काही उरलं नाही, असं अगदी खरंखरं वाटतं. या क्षणावर चांगलं संशोधन झालेलं आहे. ब्रायन ल्यूकस आणि लोरान नॉर्डग्रेन यांनी २०२० मध्ये दाखवलं की वेळ जाईल तसा आपल्या कल्पनांचा कस उतरत जातो अशी लोकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो टिकून राहतो, कित्येकदा वाढतो. आटते ती सहजता, म्हणजे पटापट सुचणं. आणि सहज सुचलेल्या पहिल्या पंधरा-वीस कल्पना त्या क्षेत्रातल्या कुणालाही सुचल्या असत्या. बाईंच्या पहिल्या फेरीत ‘सोसायटीच्या हिशेबाचं अॅप’ येणारच. ते हमखास येतं, आणि तसली अॅपं बाजारात आधीच आहेत. ‘छोट्या आठ सोसायट्यांना मिळून एक पगारी व्यवस्थापक’ ही कल्पना चौथ्या फेरीत, एक माप बदलल्यावर येते. म्हणून दुसऱ्या फेरीनंतर उठणं हे या दिवसातलं सर्वांत महाग पाऊल आहे.

फेऱ्या बिघडत असल्याची खूण डोळ्यांनी दिसते. लागोपाठ पाच चिठ्ठ्या ‘अॅप’, ‘प्लॅटफॉर्म’ किंवा ‘पोर्टल’ या शब्दाने संपल्या, की आपण माणसांऐवजी वस्तूचा विचार करतोय असं समजावं. अशा वेळी पुढच्या पाच चिठ्ठ्यांवर संगणक अजिबात वापरायचा नाही असं ठरवावं. फोन, वही आणि दुचाकी एवढ्यावर चालणाऱ्याच कल्पना लिहायच्या.

एक ते अडीच जेवण आणि चालणं. चिठ्ठ्या उलट्या करून ठेवायच्या. ही सुट्टी कापू नये, कारण दुपारी त्याच चिठ्ठ्यांकडे परक्या नजरेने पाहायचं आहे.

अडीच वाजता छाटणी सुरू. आधी सारख्या चिठ्ठ्या एकावर एक ठेवायच्या. साठाच्या अठ्ठेचाळीस होतील. मग उरलेली प्रत्येक चिठ्ठी एकाच साच्यात पुन्हा लिहून पाहायची: कोण, कधी, कशासाठी, किती पैसे देईल. ‘सोसायट्यांसाठी कागदपत्र सेवा’ या साच्यात बसतच नाही. ‘कमिटीची निवडणूक झाल्यावर पहिल्या महिन्यात नवा सचिव, जुन्या कमिटीकडून आलेले सगळे कागद लावून त्यांची यादी करून घेण्यासाठी, एकदाच आठ हजार रुपये’ हे बसतं. जी कल्पना अशी लिहिताच येत नाही, ती अजून कल्पना झालेलीच नाही. ती बाजूला ठेवायची.

त्यानंतर तीन दारं. या अडचणीवर आज कुणी पैसा किंवा बराच वेळ खर्च करतंय का? असं गिऱ्हाईक असलेल्या दहा माणसांशी मी येत्या आठवड्यात बोलू शकते का? पाच हजार रुपयांच्या आत आणि दोन आठवड्यांत, छोट्या प्रमाणावर का होईना, ही गोष्ट विकून पाहता येईल का? तिन्हींना ‘हो’ असेल तरच चिठ्ठी पुढे जाते. इथे दहापैकी गुण देऊन बेरीज करण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ पुस्तकांत तशी कोष्टकं असतात. मला ती पटत नाहीत. बेरजेत एका बाजूचे नऊ गुण दुसऱ्या बाजूच्या शून्याला झाकून टाकतात. गिऱ्हाईकापर्यंत पोहोचताच येत नसेल, तर बाजार कितीही मोठा असला तरी पहिल्या वर्षी त्याचा काही फायदा नाही. बाईंचं हिशेबाचं अॅप तिसऱ्या दारात अडकतं: बनवायला लाखो रुपये आणि बनेपर्यंत विकून पाहण्याची सोय नाही. थकबाकी वसुलीची सेवा दुसऱ्या दारातून जाते, पण पहिल्यात अडखळते. सगळे त्रासलेले असतात, तरी त्यासाठी वेगळे पैसे देण्याचा ठराव सभेत मांडायला कुणी उठत नाही. अठ्ठेचाळीसातल्या दहा-अकरा चिठ्ठ्या उरल्या तर दारं योग्य मापाची होती. तीसेक उरल्या तर आपण प्रत्येक ठिकाणी ‘होईल की’ म्हणत गेलो. पुन्हा पहिल्यापासून पाहावं.

साडेतीन ते पावणेपाच प्रत्येक चिठ्ठीला सात मिनिटं आणि पाठीमागे तीन ओळींचं गणित. आकडे अंदाजाचेच असतात, पण ते कागदावर आले की कल्पनेचा आकार कळतो. तारखांची वही घ्या: विमा, करार, ठेवी, रिफिलिंग या सगळ्या तारखा सांभाळून वेळेवर नूतनीकरण करून देणं. वर्षाला सहा हजार धरले आणि ओळखीतल्या तीस सोसायट्या धरल्या तर एक लाख ऐंशी हजार. तीसही येणार नाहीत. दहा आल्या तर साठ हजार. लहान आहे, पण दरवर्षी पुन्हा येणारं आहे आणि सुरुवातीची मांडणी झाल्यावर कष्ट कमी.

वारसांच्या फाइलीचं गणित वेगळं. तीस सोसायट्यांत सरासरी चाळीस फ्लॅट म्हणजे बाराशे कुटुंबं. वर्षाला शंभरात दोन फ्लॅट वारसाहक्काने नावावर करायची वेळ येते असं धरलं, तर चोवीस फाइली. प्रत्येकी साडेसात हजार म्हणजे पुन्हा एक लाख ऐंशी हजार. इथे मर्यादाही तिथेच लिहायची: कागद गोळा करणं, सोसायटीचे अर्ज भरणं, पाठपुरावा करणं हे बाईंचं काम, वारस कोण यावर वाद असेल तर ते वकिलाचं काम, त्यात हात घालायचा नाही.

सामाईक व्यवस्थापक: आठ छोट्या सोसायट्या, महिना चार हजार, म्हणजे बत्तीस हजार. त्यातून एका माणसाला बावीस हजार पगार, तीन हजार पेट्रोल-फोन. हातात सात हजार. एका माणसावर फार नाही, पण असे पाच जण नेमता आले तर तो धंदा झाला. उलट ‘ओ’ नमुन्याच्या अहवालाची सेवा कागदावर चांगली दिसते, पण सगळ्यांना ती एकाच हंगामात लागते आणि बाईंचे दोनच हात. टँकर मोजणीला पहाटे आणि रात्री दारावर माणूस हवा, आणि पाऊस सुरू झाला की गिऱ्हाईक गायब. असं गणित सहाच चिठ्ठ्या उरवतं.

पाच वाजता त्या सहा चिठ्ठ्या जोडीजोडीने समोरासमोर. सहांच्या पंधरा जोड्या होतात, प्रत्येकीला तीन मिनिटं. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न: यातली एकच पुढचं वर्षभर करायची असेल तर कोणती? जिंकलेल्या चिठ्ठीवर रेघ मारायची. सहा गोष्टींचा क्रम एकदम लावायला मन गोंधळतं, दोनांतली एक निवडायला गोंधळत नाही. कारण तोंडाने बोलून दाखवावं. ‘ही जास्त छान वाटते’ एवढंच कारण निघालं तर त्या जोडीची रेघ अर्धीच धरावी.

आता प्रश्न असा की तीन का? एकच का नाही? जस्टिन बर्ग या संशोधकाने २०१९ मध्ये हे पाहिलं की लोक स्वतःच्या सुरुवातीच्या कल्पनांना क्रम लावतात तेव्हा किती चुकतात. त्याला आढळलं की पुढे जाऊन सर्वांत चांगली ठरणारी कल्पना लोकांनी पुष्कळदा दुसऱ्या क्रमांकावर ठेवलेली असते. पहिल्या क्रमांकावर जाते ती ठसठशीत, आत्ताच डोळ्यांसमोर उभी राहणारी कल्पना. जिच्यात वाढायला जागा आहे पण जी अजून धूसर आहे, ती एक पायरी खाली राहते. संध्याकाळी सहा वाजता पहिल्या चिठ्ठीवर शिक्का मारून दुसरी फेकणं म्हणूनच धोक्याचं.

मात्र तिन्ही चिठ्ठ्या एकाच कल्पनेची भावंडं असू नयेत. ‘नव्या कमिटीचे कागद लावून देणं’ आणि ‘तारखांची वही’ दोन्ही वर आल्या, तर पैसे देणारा तोच, वेळही जवळपास तीच. पहिलीतून दुसरीत सहज जाता येतं, म्हणून त्या दोन एकत्र कराव्यात आणि जागा मोकळी करावी. मग बाईंच्या टेबलावर उरतात: तारखांची वही, जिला कमिटी वर्षाला पैसे देईल, वारसांची फाइल, जिला कुटुंब एकदाच देईल, आणि सामाईक व्यवस्थापक, ज्याला छोटी सोसायटी दरमहा देईल. तीन वेगळी गिऱ्हाइकं, पैसे येण्याच्या तीन वेगळ्या तऱ्हा. एक खोटी ठरली तर बाकीच्या दोन तिच्याबरोबर बुडत नाहीत.

इथवर आलेल्या तिन्ही कल्पना अजून अंदाजच आहेत. एका खोलीत एकट्याने बसून मागणी सिद्ध होत नाही. काय विचारायला बाहेर जायचं एवढंच ठरतं. म्हणून पावणेसहा ते सात प्रत्येकीसाठी अर्धं पान: कुणाला भेटायचं, काय मागायचं, आणि कुठला आकडा आला तर ती सोडून द्यायची. हा शेवटचा आकडा त्याच संध्याकाळी लिहावा. नंतर लिहिला तर आलेल्या उत्तराला जुळेल असाच लिहिला जातो.

तारखांच्या वहीसाठी बाई येत्या दहा दिवसांत सहा सचिवांना भेटतील. ‘आवडेल का’ असं विचारणार नाहीत, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. तीन हजार आगाऊ द्या, या महिन्यात तुमच्या सगळ्या तारखा लावून देते, असं सांगतील. सहापैकी दोघांनी चेक दिला नाही तर वही बंद. वारसांच्या फाइलीसाठी गेल्या वर्षभरात नावं बदलून घेतलेल्या पाच कुटुंबांना विचारायचं की किती खेपा झाल्या, कुठे अडलं, कुणाला किती पैसे दिले. पाचांतल्या तिघांनी काहीच खर्च केला नसेल तर साडेसात हजारांचा अंदाज फोल. आणि सामाईक व्यवस्थापकासाठी एकाच गल्लीतल्या तीन छोट्या सोसायट्यांत बाईंनी स्वतः महिनाभर ते काम करायचं, प्रत्येकीकडून चार हजार घेऊन, रोज किती तास गेले ते लिहून ठेवत. तीन सोसायट्यांनाच दिवसाचे तीन तासांहून जास्त लागले, तर आठांना एक माणूस पुरणार नाही आणि ते तीन ओळींचं गणित नव्याने मांडावं लागेल.